पीपीटी इंग्रजीत, सभा सटाण्यात



सटाण्याच्या बैठकीत पीक विम्यावर बोलायचे ठरले तेव्हा आमच्या हाती एक इंग्रजी पीपीटी आली. चौतीस पानांची. करणारी मंडळी शिकलेली होती, हेतू चांगला होता, चित्रेही झकास होती. आम्हाला निरोप आला की याचे मराठी करून घ्या, म्हणजे झाले. आम्हीही त्याच भ्रमात राहिलो. शब्दकोश जवळ घेऊन दोन रात्रींत चौतीसच्या चौतीस पानांचे मराठी करून टाकले आणि ओसरीवर बसलेल्या पाच-सहा जणांना ते मोठ्याने वाचून दाखवले. वाचून झाल्यावर एक म्हातारबाबा म्हणाले, "बोलले चांगले. पण बोलले कोणाशी?"

त्या दोन रात्रींचे काम आम्ही बाजूला ठेवले. पुढचे पंधरा दिवस जे केले, ते इथे मांडतो आहोत, कारण असल्या इंग्रजी पीपीट्या आता जिल्ह्या-जिल्ह्यांत येऊ लागल्या आहेत आणि त्यांचे मराठी करण्याचे काम आपल्याच कार्यकर्त्यांच्या गळ्यात पडते. आमचे म्हणणे सरळ आहे. सभेत बोलायचे टिपण हे भाषांतर नसते. ऐकणाऱ्याच्या हिशेबातून ते पुन्हा मांडावे लागते. पीक विम्यात तर भाषांतराची चूक ही नुसती भाषेची चूक राहत नाही. तिच्या भरवशावर शेतकरी पैसे भरतो आणि पीक गेल्यावर न येणाऱ्या पैशांची वाट पाहत बसतो.

हे काम संघटनेला नवे नाही. शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९८२ मध्ये भरले ते सटाण्यालाच. शरद जोशी बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेले. पण त्यांनी अर्थशास्त्र सांगितले ते कांद्याच्या क्विंटलमागे काय खर्च येतो आणि हातात काय पडते या हिशेबात. पुढे १९९१ साली डंकेल प्रस्ताव आला. शेतीला सरकार किती आधार देते हे मोजायचे त्यात एक लांबलचक इंग्रजी नाव होते. संघटनेच्या सभांमधून ते ‘उणे सबसिडी’ या दोन शब्दांत सांगितले गेले. खतावर, विजेवर देतात त्याहून जास्त बाजार बांधून काढून घेतात, म्हणजे सबसिडी आहे, पण उणे. ज्याने आडत्याच्या पट्टीवर उलटी बाकी पाहिली होती त्याला ‘उणे’ समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दोन शब्दांत मूळचा हिशेब जसाच्या तसा राहिला होता, हे विसरू नये. सोपे करताना त्यातले काही गाळले नव्हते.

आता आमच्या पीपीटीकडे वळू.

पहिल्याच पानावर एक छत्री होती आणि खाली लिहिले होते की विमा म्हणजे ‘रेनी डे’साठी केलेली बचत. शब्दकोशाप्रमाणे आम्ही लिहिले, "पावसाळी दिवसासाठी तरतूद." ओसरीवर हशा पिकला. जिथे मृगापासून माणूस आभाळाकडे डोळे लावून बसतो, तिथे पावसाळी दिवस हा वाईट दिवस कसा असेल? पाऊस आला की बी भुईत जाते, बैल जुंपले जातात, उधारी देणारा दुकानदारसुद्धा नीट बोलतो. जिथे बारा महिने भुरभुर पाऊस असतो आणि पाऊस म्हणजे घरात अडकून पडणे, तिथली ती म्हण. तिचे मराठी करता येत नाही. ती काढून टाकावी लागते. आम्ही तिथे लिहिले, "पेरणी झाली आणि एकवीस दिवस पावसाने पाठ फिरवली, त्या दिवसासाठी." छत्री मात्र पडद्यावर तशीच राहिली होती, ती सभेच्या आदल्या रात्री काढली.

‘सेफ्टी नेट’चे ‘सुरक्षा जाळे’ तर सरकारी कागदांवरही सापडते. मूळची कल्पना सर्कशीतली आहे. वर झुल्यावरचा माणूस हातातून सुटला तर खालच्या जाळीत पडतो. ज्याने सर्कस पाहिली नाही त्याला जाळे म्हटले की मासे आठवतात, नाहीतर फासेपारध्याचे जाळे आठवते. आमच्या एका बहिणीने विचारलेही, "जाळं आहे ते ठीक, पण त्यात आम्ही सापडायचं का?" विमा कंपन्यांबद्दलची तिची शंका अगदीच अस्थानी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण टिपणात ती आमच्या चुकीच्या शब्दाने यायला नको होती. आणखी एका पानावर ‘स्किन इन द गेम’ होते. त्याचे ‘खेळातील कातडी’ असे मराठी आम्ही खरोखरच केले होते, हे कबूल करतो. त्याचा अर्थ एवढाच की हप्त्यातला काही भाग शेतकऱ्याच्या खिशातून जातो. तेवढेच सांगितले की पुरते.

हे झाले वाक्प्रचारांचे. ते ऐकणाऱ्याला खटकतात, म्हणून पकडले जातात. खरा घोटाळा होतो तो न खटकणाऱ्या शब्दांनी.

पीपीटीत मधोमध एक पान होते. त्यावर कुठल्याशा अमेरिकन मका उत्पादकाचे उदाहरण होते, एकराला इतके बुशेल, त्याच्या इतके टक्के. आम्ही बुशेलचे क्विंटल केले, मक्याचा कापूस केला आणि आता जमले म्हणून खूश झालो. पण त्या उदाहरणातला शेतकरी स्वतःच्या शेताच्या उत्पन्नावर विमा काढत होता. आपल्याकडची योजना मुळात तशी नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली तेव्हापासून उत्पन्नाची मोजणी होते ती सगळ्या विमा क्षेत्राची मिळून, म्हणजे बहुतेक मुख्य पिकांसाठी महसूल मंडळाची. तुमच्या वावरात काय झाले यावर नव्हे, तर मंडळाची सरासरी काय आली यावर भरपाई ठरते. माप बदलले, पीक बदलले, पण उदाहरणाचा गाभा परदेशीच राहिला, आणि तो आमच्या मराठीतून अधिकच खरा वाटू लागला. इंग्रजी ऐकून माणूस निदान म्हणतो की हे आपल्याला कळले नाही. आपल्या भाषेत, आपल्या पिकाचे उदाहरण ऐकले की कळले असे वाटते, आणि तिथेच तो फसतो.

म्हणून ते उदाहरण फेकून दिले आणि नवे रचले. ते सविस्तर देतो, कारण सभेत त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

व्यासपीठाच्या पुढे एक घोंगडी अंथरली आणि तिच्यावर खड्यांचे सात ढीग मांडले. एक खडा म्हणजे एकरी एक क्विंटल कापूस, एक ढीग म्हणजे एक वर्ष. समजा एका मंडळाची सात वर्षांची सरासरी अशी आहे: पाच, सात, दोन, सहा, चार, एक, तीन. (आकडे आम्ही कल्पिलेले आहेत आणि हे सभेत दोनदा सांगितले. नाहीतर लोक ते कुठल्यातरी मंडळाचे खरे आकडे समजून लिहून घेतात.) आता यातली सर्वांत वाईट दोन वर्षे, एकची आणि दोनची, उचलून बाजूला ठेवायची. राहिली पाच. त्यांची बेरीज पंचवीस, सरासरी पाच क्विंटल. हे त्या मंडळाचे नेहमीचे पीक धरले जाते.

पण भरपाई पाच क्विंटलपासून सुरू होत नाही. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के ठेवलेला आहे. पाच क्विंटलचे ७० टक्के म्हणजे साडेतीन क्विंटल. यालाच कागदावर ‘उंबरठा उत्पादन’ म्हणतात. हा शब्द म्हणजे इंग्रजीचे शब्दाला शब्द लावून केलेले मराठी. उंबरठा ओलांडला की घरात, एवढेच आपल्याला ठाऊक. उत्पादनाने उंबरठा ओलांडला तर चांगले की वाईट हे शब्दावरून कळत नाही. आम्ही त्याऐवजी कणगी घेतली. समजा साऱ्या मंडळाची मिळून एकच कणगी आहे आणि तिच्यावर चुन्याने एक रेघ ओढली आहे. सगळ्यांचे पीक त्या कणगीत पडते. पीक रेघेच्या वर राहिले तर कोणाला काही नाही. रेघेच्या खाली गेले तर जेवढे खाली गेले तेवढ्याच हिशेबाने सगळ्यांना पैसे. ती रेघ साडेतीन क्विंटलवर.

आता या वर्षी मंडळाची सरासरी आली दोन क्विंटल ऐंशी किलो. रेघ ३५० किलोवर, पीक २८० किलो. खाली गेले ७० किलो. ३५० मधले ७० म्हणजे पाचवा भाग, २० टक्के. विम्याची रक्कम एकरी २० हजार धरली तर भरपाई एकरी ४ हजार. कापसाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे इथे एकरी १ हजारापर्यंत. खरीप ज्वारीला २ टक्के, रब्बीच्या ज्वारीला दीड टक्का. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा सुरू केला होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्यामुळे हप्त्याचा हा हिशेब सभेत सांगणे आता टाळता येत नाही.

हे उदाहरण सांगताना एका जागी सभा थबकते आणि थबकायलाच हवी. नेहमीचे पीक पाच, आले दोन ऐंशी. शेतकऱ्याच्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास गेले. मग भरपाई पाचवा भागच कशी? कारण पाचपासून साडेतीनपर्यंतची पडझड शेतकऱ्याने स्वतः सोसायची आहे. रुपयातले पहिले ३० पैसे तुमचे. आमच्या पहिल्या मराठीत वाक्य होते, "योजनेत ७० टक्के जोखीमस्तर आहे." व्याकरणाला धरून, सरकारी शब्दाला धरून, अगदी बरोबर. ते ऐकून ओसरीवरच्या बहुतेकांनी समजून घेतले की नुकसानीच्या ७० टक्के पैसे मिळतात. म्हणजे वीस हजारांच्या विम्यावर चौदा हजार. मिळणार होते चार. एका बरोबर वाक्याने एकरी दहा हजारांची खोटी आशा लावली असती, आणि ती लावली संघटनेने, असे झाले असते.

त्यानंतर आम्ही आकड्यांच्या प्रत्येक वाक्याला एक नियम लावला. टक्का सांगितला की तो कशाचा, हे त्याच श्वासात सांगायचे आणि लगेच किलोत किंवा रुपयात उतरवायचे. सरकारी तक्ते हेक्टरी किलोत असतात, आपण एकरी क्विंटलमध्ये बोलतो. वरचे साडेतीन क्विंटल तक्त्यात हेक्टरी ८६५ किलोच्या जवळपास दिसतील, आणि ज्याला अडीच एकराचा हेक्टर सांगितलेला नाही त्याला आपले मंडळ फार पिकाऊ आहे असे वाटेल. कापसात आणखी एक खोच आहे. सरकारी पीक आकडेवारीत कापूस बहुधा रुईत मोजतात आणि आपण विकतो सरकीसकट. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो. तेव्हा एकरी साडेतीन क्विंटल कापूस रुईत मोजला तर एकरी १२० किलोच्या आत दिसेल. तक्ता वाचून दाखवण्याआधी तो कापसाचा आहे की रुईचा, हे विचारून घ्यावे. आम्हाला हे एका जिनिंगवाल्या पाहुण्याने दाखवून दिले, आम्ही स्वतः पकडले नव्हते.

आता ते मोजमाप होते कसे? पीपीटीत होते ‘रँडम सॅम्पलिंग’. सरकारी मराठीत त्याला ‘यादृच्छिक नमुना निवड’ म्हणतात. हा शब्द सभेत उच्चारण्याचा सराव आम्ही केला आणि सोडून दिला. त्याऐवजी लिहिले, "चिठ्ठ्या टाकून गावे आणि गट नंबर काढतात." केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंडळ हे क्षेत्र असेल तर मुख्य पिकासाठी किमान १० कापणी प्रयोग व्हायचे असतात. म्हणजे आमची कणगी पूर्ण खरी नाही. सगळ्यांचे पीक तिच्यात पडत नाही, दहा वावरांतल्या आखलेल्या तुकड्यांचे पडते. हेही टिपणात घातले, कारण उदाहरण जिथे तुटते ती जागा आपणच दाखवली नाही तर पुढे कोणी तरी ती दाखवतो आणि मग सगळेच खोटे ठरते. शिवाय यातूनच शेतकऱ्याच्या हातात काहीतरी येते. आपल्या गावात प्रयोग कोणत्या गटात आहे हे विचारावे, त्या दिवशी तिथे हजर राहावे. कापसाची वेचणी एकदा होत नाही, तीन-चार वेळा होते. सगळ्या वेचण्यांचे वजन लिहिले जाते की पहिल्याच भरघोस वेचणीवरून अंदाज बांधला जातो, हे पाहावे. ज्वारीचे एकदा कापले की वजन होते, तिथे ओलाव्याचा प्रश्न येतो.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड होता आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इंग्रजीत त्याला ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. पीपीटीत शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, एका ओळीत तो उल्लेख होता. मराठीत ‘आधार जोखीम’ असे काहीतरी होईल आणि ते ऐकून कोणी मान वर करणार नाही. अर्थ मात्र असा की मंडळाचे पीक आणि माझे पीक यांची जोडी जुळत नाही. आपल्या भागात पाऊस ओढ्याच्या या काठाला पडतो आणि त्या काठाला पडत नाही. एकाच मंडळात नदीकाठची काळी जमीन असते आणि डोंगराकडचे मुरमाड माळरानही असते. वरच्या उदाहरणात मंडळाची सरासरी २८० किलो आली तेव्हा ज्याला एकरी पाच क्विंटल पिकले त्यालाही चार हजार, आणि ज्याला पन्नास किलो झाले त्यालाही चारच हजार. आणि सरासरी ३६० किलो आली असती तर ज्याच्या वावरात पाते गळून पऱ्हाटी उभी राहिली त्यालाही शून्य.

आम्ही हे शेवटून दुसऱ्या पानावरून उचलून सुरुवातीला आणले. टिपणाचे तिसरेच वाक्य केले: "मंडळ पिकले आणि माझे वाळले, तर मला काही मिळत नाही." बैठकीआधी एका मित्राने सांगितले की हे एवढ्या लवकर सांगितले तर लोक विमा काढणार नाहीत. आम्ही म्हटले, विमा काढावा की न काढावा हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही कंपनीचे एजंट नाही. पण दुसऱ्या बाजूनेही सांगतो. पहिल्या टिपणात आम्ही प्रत्येक चौथ्या वाक्याला सरकारला शिव्या घातल्या होत्या. टाळ्या मिळाल्या असत्या, पण रेघ कुठे आहे ते कोणाच्या ध्यानात राहिले नसते. विमा हा भावाला पर्याय नाही, तोट्याच्या शेतीचा विमा काढला म्हणून ती फायद्याची होत नाही, हे आमचे म्हणणे आम्ही शेवटी वेगळे, आमचे म्हणून मांडले. पीपीटीत एक पान ‘शेतकऱ्यांतील जागृतीचा अभाव’ या नावाचे होते, ते मात्र कोणाला न विचारता काढले.

एक चूक आमच्या उदाहरणानेच केली. पीक कापणी म्हटले की लोकांना आणेवारी आठवते, आता तिला पैसेवारी म्हणतात. आम्हाला वाटले, ओळखीची गोष्ट मिळाली. टिपणात वाक्य घातले, "पैसेवारी काढतात तसेच हे." सभेत हे बोलल्याबरोबर एक जण उभा राहिला. त्याच्या गावाची पैसेवारी पन्नासच्या आत होती, म्हणजे आता विमा आलाच पाहिजे असे त्याने काढले. वाक्यातून तसेच निघत होते. वास्तविक पैसेवारी गावाची असते आणि तिच्यावर दुष्काळी सवलती ठरतात. विम्याचा हिशेब मंडळाचा, सात वर्षांच्या रेघेचा, आणि विमा कंपनीवर पैसेवारी बंधनकारक नाही. पैसेवारी चाळीस असूनही मंडळ रेघेच्या वर राहू शकते. अनोळखी उदाहरण कळत नाही, पण ओळखीचे उदाहरण आपल्याबरोबर सगळे जुने हिशेब घेऊन येते. आता ते वाक्य असे आहे: "कापणी करून पाहतात तेवढे पैसेवारीसारखे, बाकी काही तिच्यासारखे नाही."

आणखी एक गोष्ट भाषेची नाही, पण मराठी करताना पाहावीच लागते. पीपीटी साऱ्या देशासाठी होती. तिच्यात दोन पाने होती ती गारपीट झाली तर ७२ तासांत कळवा, मग तुमच्या वावराचा पंचनामा होईल अशी. ही तरतूद महाराष्ट्रात काही वर्षे होती. पण २०२५ च्या खरिपासाठी राज्य सरकारने जो निर्णय काढला त्यात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, पेरणी न होणे आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती या जादा बाबी वगळल्या आणि भरपाई कापणी प्रयोगांवरच ठेवली. आम्ही ती दोन पाने सुरेख मराठीत केली असती तर पुढच्या गारपिटीला माणसे फोन लावत बसली असती. योजना दर एक-दोन वर्षांनी बदलते, म्हणून ज्या हंगामात सभा आहे त्या हंगामाचा शासन निर्णय आधी मिळवावा आणि पीपीटीचे प्रत्येक पान त्याच्याशी ताडून पाहावे. आमची आठ पाने या एकाच कारणाने गेली.

सरकारी शब्द आम्ही पूर्ण काढले नाहीत. उंबरठा उत्पादन, जोखीमस्तर, विमा संरक्षित रक्कम, अधिसूचित क्षेत्र हे चार शब्द प्रत्येकी एकदा, सावकाश, फळ्यावर लिहून सांगितले. कारण अर्जावर आणि तालुक्याच्या यादीत कणगी लिहिलेली नसते. कृषी कार्यालयात जाऊन "आमच्या मंडळाची रेघ किती" असे विचारले तर समोरचा हसून घालवून देईल. "कापसाचे उंबरठा उत्पादन किती" असे विचारले तर त्याला कागद काढावा लागतो.

उरला बोलण्याचा भाग. पडद्यावरच्या पानात डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून एका वाक्यात एकच आकडा ठेवला आणि रेघेचे वाक्य सभेत तीन वेळा, तेच्या तेच, आणले. छापताना संपादक अशी पुनरुक्ती खोडतात. बोलताना ती खोडू नये. "आकृतीत दिसते त्याप्रमाणे" हे शब्द सगळे काढले, आणि बरे झाले, कारण वीज अर्ध्यातच गेली. घोंगडीवरचे खडे दिसत होते. सटाण्याच्या आसपास घरोघर अहिराणी बोलतात. मालेगाव-नांदगावकडचे कापूसवाले आले होते त्यांच्यातही ती आहे. टिपण आम्ही साध्या मराठीतच ठेवले, पण प्रश्नोत्तरे अहिराणीत होऊ दिली. "मना वावरमा काही नही" असे सांगणाऱ्या माणसाला शुद्ध मराठीत प्रश्न विचारायला लावले तर तो प्रश्नच विचारत नाही. चौतीस पानांचे शेवटी पंचवीस मिनिटांचे बोलणे झाले.

ते समजले की नाही हे कसे ओळखावे? "समजले का?" असे विचारले की सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाही कोण म्हणणार. आम्ही एकच प्रश्न ठेवला: "तुमचा कापूस सगळा गेला, मंडळाचा साडेतीनच्या वर आला. तुम्हाला किती मिळतील?" ओसरीवर पहिल्या मराठीनंतर हा प्रश्न विचारला तेव्हा कोणी अर्धे म्हणाले, कोणी ७० टक्के. सटाण्याला मागच्या रांगेतल्या एका बाईने पहिल्यांदा उत्तर दिले, "काही नाही," आणि लगेच विचारले, "मग मंडळाऐवजी गावाचं का मोजत नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर टिपणात नव्हते. योजनेच्या सूचनांत मुख्य पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हे क्षेत्र धरता येते, पण मग गावागणिक किमान ४ कापणी प्रयोग घ्यावे लागतात. मंडळात वीस गावे असली तर दहाऐवजी ऐंशी प्रयोग, आणि तेवढी माणसे नाहीत, असे सांगितले जाते. रब्बी ज्वारीच्या बैठकीसाठी टिपण पुन्हा लिहिताना हा भाग घालणार आहोत. खडे तेच राहतील, फक्त एक ढीग गावाचा आणि एक मंडळाचा, असे शेजारी-शेजारी मांडावे लागतील.